सणाची रजा, ब्रिटनमधली नोकरी

श्रावण सरत आला की ब्रिटनमधल्या मराठी मंडळींकडून दरवर्षी तेच प्रश्न येऊ लागतात. गणेश चतुर्थीला रजा मागण्याचा आपल्याला हक्क आहे का? मॅनेजर नाही म्हणाला तर तो भेदभाव ठरतो का? कारण धार्मिक आहे हे सांगावं, की ‘घरगुती काम’ म्हणून मोकळं व्हावं? मित्रांच्या ग्रुपवर यावर दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक जण ठामपणे सांगतो की कायद्याप्रमाणे त्यांना रजा द्यावीच लागते. दुसरा म्हणतो, इथं आपल्या सणांना कोण विचारतो, सरळ आजारी असल्याचं कळवून टाक. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुसऱ्यामुळे नोकरीही जाऊ शकते.

पुढची माहिती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरती आहे. उत्तर आयर्लंडचा भेदभावविरोधी कायदा वेगळा असल्यामुळे तिथल्या वाचकांनी तिथले नियम पाहावेत.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

धार्मिक सणासाठी वेगळी रजा ब्रिटिश कायद्यात नाही. हिंदूंना दिवाळीची नाही, मुस्लिमांना ईदची नाही, ज्यूंना योम किप्पुरची नाही. इतकंच काय, ख्रिसमसच्या बँक हॉलिडेला सुट्टी मिळावी असाही सर्वसाधारण कायदेशीर हक्क कोणाला नाही. ती मिळते ती करारामुळे किंवा त्या दिवशी कंपनी बंद असते म्हणून.

कायदा दोन गोष्टी देतो. पहिली म्हणजे भरपगारी वार्षिक रजा. १९९८ च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या नियमांनुसार वर्षाला ५.६ आठवडे रजा मिळते. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्यांसाठी हे २८ दिवस होतात. कंपनी बँक हॉलिडे या २८ दिवसांतच धरू शकते आणि बऱ्याच ठिकाणी तसं धरलेलं असतं. म्हणून करारातलं वाक्य नीट वाचा. ‘बँक हॉलिडे धरून २८’ आणि ‘बँक हॉलिडे सोडून २५’ यांत सणांच्या दृष्टीनं मोठा फरक पडतो. ही रजा कशासाठी घ्यायची ते तुम्ही ठरवायचं. कोणत्या दिवशी द्यायची यात मात्र मालकाचाही शब्द असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे २०१० चा समानता कायदा. धर्मामुळे एखाद्याला वेगळी वागणूक देणं त्यात निषिद्ध आहे. शिवाय वरकरणी सर्वांना सारखा असलेला नियम एका धर्माच्या लोकांना जास्त जाचक होत असेल, तर त्या नियमाला रास्त आणि प्रमाणशीर कारण असल्याचं मालकाला दाखवावं लागतं. हे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतं, प्रोबेशन संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

थोडक्यात, तुमचा हक्क रजेवर नाही. तुमची विनंती मोकळ्या मनानं आणि इतरांच्या विनंतीइतक्याच गांभीर्यानं तपासली जावी, यावर आहे. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे. हक्क म्हणून मागायला गेलात तर पहिल्याच नकाराला वाद थांबतो. विचार करायला लावेल अशी विनंती केलीत, तर मॅनेजरला होकार देणं सोपं जातं आणि उडवाउडवी करणं अवघड होतं.

आधी तारीख पक्की करा

तुमची तारीखच डळमळीत असेल तर मॅनेजरचा विश्वास उडतो. रजा मंजूर करून घ्यायची आणि आठवडाभर आधी ‘सण एक दिवस पुढे गेला’ असं सांगायचं, हे एकदा चालतं. दुसऱ्या वर्षी कोणी ऐकून घेत नाही.

अडचण खरी आहे. तिथी स्थानिक सूर्योदय-सूर्यास्तावर ठरते आणि भिंतीवरचं कॅलेंडर भारतासाठी छापलेलं असतं. २०२५ च्या दिवाळीचंच पाहा. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं. लंडनमध्ये मात्र त्या दिवशी दुपारी दीडच्या आधीच अमावास्या संपत होती, म्हणजे संध्याकाळच्या पूजेच्या वेळी अमावास्या मिळत होती ती २० तारखेलाच. आईनं फोनवर २१ सांगितली, जवळच्या मंदिरानं २० लावली आणि घरोघरी घोळ झाला.

म्हणून अर्ज करण्याआधी घरात एकदाच ठरवा की आपण तिथलं पंचांग पाळणार की इथलं. दोन्ही रीती लोक श्रद्धेनं पाळतात. अर्जात मात्र एकच तारीख जाऊ द्या. २०२६ ची गणेश चतुर्थी सोपी आहे: १४ सप्टेंबर, सोमवार, भारतातही आणि ब्रिटनमध्येही. त्याच वर्षीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी येतं. सोमवार ते शुक्रवार काम करणाऱ्यांना त्या दिवसासाठी रजेची गरज नाही; त्यांनी हवी तर १० तारखेच्या पाडव्याची किंवा ११ च्या भाऊबीजेची मागावी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा. तुमच्या शहरातलं महाराष्ट्र मंडळ गणपतीचा कार्यक्रम शनिवार-रविवारी करतं आणि तुम्हाला तेवढाच हवा असेल, तर कामाच्या दिवशीची रजा मागण्याचं कारण उरत नाही. घरी मूर्ती बसवणार असाल तर गोष्ट वेगळी आहे. प्राणप्रतिष्ठा चतुर्थीलाच व्हायला हवी, ती सोयीच्या रविवारी ढकलता येत नाही. अर्जात हीच बाब सांगायची असते.

किती आधी मागायची

करारात काही लिहिलं नसेल तर नियम असा आहे: जितके दिवस रजा हवी त्याच्या दुप्पट दिवस आधी कळवायचं. एक दिवसाच्या रजेला दोन दिवस, पाच दिवसांच्या रजेला दहा दिवस. मालकाला नकार द्यायचा असेल तर रजेच्या दिवसांइतके दिवस आधी त्यानं तसं सांगायला हवं. बहुतेक करारांत मात्र स्वतःची मुदत दिलेली असते, अनेकदा चार आठवडे, आणि तीच लागू होते. चार आठवड्यांचा नियम असेल तर १४ सप्टेंबरच्या रजेचा अर्ज १७ ऑगस्टपर्यंत पोचायला हवा.

ही झाली शेवटची तारीख. माझा आग्रह आहे की रजेचं वर्ष उघडताच सणाची तारीख टाकून द्यावी. बऱ्याच कंपन्यांत ते जानेवारीत सुरू होतं, एनएचएसमध्ये साधारणपणे एप्रिलमध्ये. ‘जो आधी मागेल त्याला’ असा नियम असलेल्या ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस शाळेच्या सुट्ट्यांमुळे वसंतातच भरून जातात. आपले सण दरवर्षी सरकतात म्हणून आपण वाट पाहत बसतो, पण पंचांग वर्षभर आधी हातात असतं. मॅनेजरकडे कॅलेंडर कोरं असताना आलेला अर्ज आणि तीन जणांची रजा मंजूर झाल्यावर आलेला अर्ज, यांना तो एकाच नजरेनं पाहू शकत नाही.

रोटावर काम असेल, म्हणजे हॉस्पिटल, केअर होम, गोदाम, बस किंवा दुकान, तर रजेच्या नियमाबरोबर रोटा कधी लागतो तेही विचारून ठेवा. रोटा लागल्यानंतर मागितलेली रजा म्हणजे मॅनेजरसाठी नवा माणूस शोधण्याचं काम.

अर्जात काय लिहायचं

तोंडी बोलायला हरकत नाही, पण त्याच दिवशी ईमेल पाठवा. कंपनीची रजेची यंत्रणा ऑनलाइन असेल तर तिथल्या शेरा लिहिण्याच्या जागेत दोन ओळी लिहा. कारण धार्मिक आहे हे स्पष्ट लिहावं असं माझं मत आहे. रजा भरपूर शिल्लक असेल आणि मॅनेजर कधी विचारत नसेल तर गरज नाही. पण ‘वैयक्तिक काम’ असं लिहून नकार घेतलात आणि नंतर धर्माचा मुद्दा काढलात, तर ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ हे उत्तर तयार असतं.

मजकूर लहान ठेवा. गणेश चतुर्थीची कथा, तिचं महत्त्व, लोकमान्य टिळकांनी रुजवलेला सार्वजनिक उत्सव, यातलं काही नको. मॅनेजरला चारच गोष्टी हव्या असतात: कोणता दिवस, तोच दिवस का, तुमचं काम कोण पाहील, आणि पूर्ण दिवस जमत नसेल तर तुम्हाला दुसरं काय चालेल. इंग्रजीत साधारण या आशयाचं लिहा:

> सोमवार, १४ सप्टेंबर रोजी मला एक दिवस वार्षिक रजा हवी आहे. त्या दिवशी गणेश चतुर्थी हा हिंदू सण आहे. घरी मूर्तीची प्रतिष्ठापना आणि पूजा त्याच दिवशी करावी लागते, त्यामुळे दुसरा दिवस घेता येणार नाही. सोमवारचा साप्ताहिक अहवाल मी शुक्रवारीच पूर्ण करून ठेवीन आणि तातडीच्या फोनसाठी माझ्या सहकाऱ्यानं होकार दिला आहे. पूर्ण दिवस शक्य नसेल तर दुपारी तीनपर्यंतची अर्धी रजा घेऊन संध्याकाळी काम करण्याची माझी तयारी आहे. येत्या शुक्रवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल.

यातलं शेवटून दुसरं वाक्य बरेच जण गाळतात. पर्याय दिला तर मॅनेजर तोच पकडेल, ही त्यांची भीती. तसं कधी होतंही. पण पर्याय न देता नकार आला, तर ‘मग काय जमेल?’ हे विचारण्याचं ओझं पुन्हा तुमच्यावर येतं आणि तोवर दिवस निघून जातात. तुम्हाला खरोखर चालेल तोच पर्याय लिहा. शेवटच्या वाक्यातली उत्तराची तारीखही ठेवा, नाहीतर अर्ज ‘पाहतो’ या शब्दावर लोंबकळत राहतो.

दीड दिवसाचा गणपती असेल तर दोन दिवसांची मागणी सरसकट करू नका. स्थापनेचा दिवस वेगळा मागा, विसर्जनाची वेळ वेगळी. विसर्जन संध्याकाळी करणार असाल तर त्या दिवशी लवकर निघण्याची परवानगी पुरते.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा तुम्ही लेस्टरच्या एका केअर होममध्ये काम करता. सकाळची शिफ्ट साडेसात ते अडीच, दुपारची अडीच ते साडेनऊ. रजेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, अर्ज चार आठवडे आधी, रोटाही चार आठवडे आधी लागतो. घरी दीड दिवसाचा गणपती आहे. सोमवारी १४ तारखेला सकाळची आणि मंगळवारी १५ तारखेला दुपारची शिफ्ट तुमच्या वाट्याला येणार, असं मागच्या रोटावरून दिसतं.

तुम्ही जुलैच्या सुरुवातीला दोन्ही दिवसांची रजा मागता. मॅनेजर सांगते की त्या आठवड्यात दोघी जणी आधीच रजेवर आहेत आणि रहिवाशांच्या संख्येप्रमाणे मजल्यावर किमान इतकी माणसं लागतातच. हे कारण खोटं नाही. केअर होममध्ये माणसं कमी पडली तर म्हाताऱ्या माणसांना वेळेवर औषध मिळत नाही. इथं ‘हा माझा धर्म आहे’ हे वाक्य पुन्हा म्हणून उपयोग नाही.

आता मागणी सुटी करा. सोमवारी तुम्हाला दुपारच्या पूजेसाठी सकाळची शिफ्ट नको आहे; रविवारी १३ तारखेला जिची सकाळची शिफ्ट आहे तिच्याशी अदलाबदल करा. मंगळवारी विसर्जन संध्याकाळी आहे, तेव्हा दुपारच्या शिफ्टऐवजी सकाळची मागा. दोन्हीसाठी सहकाऱ्यांचा होकार आधी घ्या आणि मग मॅनेजरला लिहा: ‘रविवारची सकाळ मी करते, सोमवारची अमुक करेल, मंगळवारी मी सकाळी येते, दुपारची तमुक घेईल. माणसांची संख्या तितकीच राहते.’ मॅनेजरपुढे आता रिकामी जागा नाही, फक्त रोटावर चार नावं बदलायची आहेत. तुमच्या २८ दिवसांतला एकही दिवस खर्च झालेला नाही. तो पाडव्याला उपयोगी पडेल. हा बदल रोटावर प्रत्यक्ष दिसेपर्यंत मात्र तो झालाय असं समजू नका. तोंडी ठरलेली अदलाबदल कागदावर आली नाही, तर सोमवारच्या गैरहजेरीवर तुमचंच नाव लागतं.

लेस्टर, वेम्ब्ली, हॅरो अशा भागांत आणखी एक अडचण येते. दिवाळीला अर्धा स्टाफ रजा मागतो. तिथं सगळ्यांना लक्ष्मीपूजन मिळणं शक्य नसतं. मॅनेजरनं चिठ्ठ्या टाकाव्यात यापेक्षा तुम्हीच आपसात वाटणी नेऊन दिलीत तर उत्तम: गुजराती सहकाऱ्यांना बहुधा बेसतं वर्ष महत्त्वाचं असतं, आपल्याकडे कुणाला लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, कुणाला भाऊबीज. यंदा ज्याला मिळालं नाही त्याला पुढच्या वर्षी आधी, हेही लिहून ठेवा.

रजा शिल्लक नसेल तर

हे पर्याय मागता येतात. यातला एकही देणं मालकावर बंधनकारक नाही, पण विचारलं तर यातलं काहीतरी बऱ्याचदा मिळतं:

- बँक हॉलिडेची अदलाबदल. गुड फ्रायडे किंवा ऑगस्टअखेरच्या सोमवारी काम करून तो दिवस सणाला घेणं. बँक हॉलिडेला चालू असणाऱ्या ठिकाणी हे सर्वांत सोपं.
- जादा कामाच्या बदल्यात रजा. आधीच्या आठवड्यांत तेवढे तास भरून देणं. कोणते तास, कधी, हे आधी लेखी ठरवा.
- घरून काम किंवा वेळेत बदल. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळचे दोन तास मोकळे मिळाले तरी पुरतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथं साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पूजेची वेळ ऑफिसच्या वेळेतच येते हे मॅनेजरला सांगा. त्याच्या हे लक्षात आलेलं नसतं.
- बिनपगारी रजा. एखाद्या दिवसाला हरकत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर हिशेब ठेवा: एका कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी रजा झाली, तर काही ठरावीक कारणं वगळता कंपनीला स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. भारतात लांब सुट्टी घालवून आलेल्यांनी हे विशेष पाहावं.

हे करू नका

आजारी असल्याचं खोटं कळवू नका. ‘एक दिवसाचं काय’ असं वाटतं, पण कायद्याच्या नजरेत तो प्रश्न रजेचा नसून अप्रामाणिकपणाचा होतो. आजाराचं सोंग करणं हे मालक आणि कर्मचारी यांच्यातल्या विश्वासाचा भंग आहे, असं अपील न्यायाधिकरणानं २०१५ मध्ये एका बसचालकाच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे. त्यात संध्याकाळी मोदकांचे फोटो समाजमाध्यमांवर येतात आणि टीममधलं कोणीतरी ते पाहतंच. रजा नाकारली गेली असती तर तुमच्याकडे तक्रारीची बाजू होती. खोटं बोलल्यावर ती तुम्ही स्वतःहून गमावता.

नकार मिळाल्यावर न सांगता गैरहजरही राहू नका. धार्मिक कारण खरं असलं तरी विनापरवाना गैरहजेरीबद्दल शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

मंजुरीच्या आधी विमानाचं तिकीट काढू नका. ‘तिकीट काढलंय’ हे कारण मॅनेजरवर दबाव आणतं, पण त्याला बांधून ठेवत नाही, आणि पैसे तुमचे जातात.

नकार आला: तो रास्त आहे की नाही, हे कसं ओळखाल

पहिल्यांदा कारण लेखी मागा. सूर तक्रारीचा नको. ‘कारण कळलं तर दुसरी सोय सुचवता येईल’ एवढंच लिहा. कारण हातात आल्यावर तीन जुनी प्रकरणं डोळ्यांसमोर ठेवा. मला ती कोणत्याही व्याख्येपेक्षा उपयोगी वाटतात.

एका कारखान्यानं मे, जून आणि जुलै या घाईच्या महिन्यांत कुणालाही रजा नाही असा नियम केला. नियम सर्वांना सारखा होता. १९९२ मध्ये ईद जूनमध्ये आली. आशियाई मुस्लिम कामगारांनी एक दिवस मागितला, बदल्यात जादा काम करायची तयारी दाखवली, तरी नकार मिळाला. त्यांनी ईद साजरी केली आणि परतल्यावर त्यांना अंतिम लेखी ताकीद मिळाली. तेव्हा धर्माच्या भेदभावाविरुद्ध कायदा नव्हता, म्हणून दावा वंशभेदाचा झाला. कामगार जिंकले आणि अपिलातही टिकले. कंपनीची घाई खरी होती, पण त्या एका दिवसाची सोय लावता येते का हे तिनं धडपणे पाहिलंच नाही.

दुसरं प्रकरण लंडनमधल्या एका सलूनचं. २००४ मध्ये योम किप्पुर शनिवारी आला. सलूनचा सर्वांत गर्दीचा वार शनिवार, म्हणून ज्यू कर्मचाऱ्याला रजा नाकारली. त्या दिवशीची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळवता आली असती का, याचा विचार मालकानं केला नाही, म्हणून न्यायाधिकरणानं तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. सणाच्या दिवशी गर्दी असते हे एवढंच उत्तर पुरेसं नाही, असा याचा अर्थ.

तिसरं प्रकरण हरलेल्याचं आहे आणि आपल्यासाठी तेच अधिक शिकवणारं आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत काम करणारा सार्डिनियाचा एक कॅथलिक कर्मचारी दर ऑगस्टमध्ये सलग पाच आठवडे गावी जात असे. नव्या मॅनेजरनं उन्हाळ्यात सलग तीन आठवड्यांची मर्यादा घातली. गावोगावच्या धार्मिक उत्सवांना हजर राहणं हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे, असा त्याचा दावा होता. पण सांगितलेल्या उत्सवांपैकी बऱ्याच ठिकाणी तो प्रत्यक्ष जात नसे आणि पाच आठवड्यांची खरी गरज कुटुंबाची सोय ही होती, असं न्यायाधिकरणाला आढळलं. २०१६ मध्ये अपिलातही तो हरला.

हे मराठी वाचकांनी नीट मनावर घ्यावं. गणपती आहे म्हणून कोकणात तीन आठवडे जायचं असेल तर चतुर्थी आणि विसर्जन धार्मिक, बाकीचे दिवस गावी राहण्याचे. ते वार्षिक रजेतून जरूर मागा, पण ‘धर्मासाठी’ असं लेबल सगळ्यांवर लावू नका. दीड दिवसांची खरी गरज तीन आठवड्यांच्या मागणीत बुडून जाते.

आता तुमच्या नकाराला हे प्रश्न लावा. दुसऱ्या कोणाला त्याच आठवड्यात घरगुती कारणासाठी रजा मिळाली का? ख्रिसमसला अशाच अडचणीत मार्ग काढला गेला होता का? तुम्ही दिलेल्या पर्यायाला उत्तर मिळालं का, की नुसतं ‘नाही’ आलं? टीम चार माणसांची असेल, दोघे आधीच रजेवर असतील आणि पर्यायही तपासला गेला असेल, तर नकार बहुधा रास्त आहे. त्यावर झगडण्यात शक्ती घालवू नका. ‘तुमचे सण फार असतात’ किंवा ‘मग सगळेच मागतील’ असं उत्तर असेल तर ते शब्द तारखेसह जसेच्या तसे लिहून ठेवा.

तक्रारीची वाट

आधी एचआरला साधं पत्र: अर्ज कधी केला, कोणता पर्याय दिला, काय उत्तर मिळालं. कंपनीच्या रजा-धोरणात धार्मिक सणांबद्दल ओळ असेल तर ती उद्धृत करा. त्यानं काही झालं नाही तर औपचारिक तक्रार, म्हणजे ग्रीव्हन्स. युनियनचे सभासद असाल तर प्रतिनिधीला इथपासूनच सोबत घ्या. भेदभावाची तक्रार प्रामाणिकपणे केली म्हणून तुम्हाला त्रास देणं हेही समानता कायद्यात वेगळं निषिद्ध आहे.

नोकरीतल्या तंट्यांत मदत करणाऱ्या एकास या संस्थेची मदतवाहिनी विनामूल्य सल्ला देते: ०३०० १२३ ११००. न्यायाधिकरणात जाण्याआधी एकासकडे समेटासाठी नोंद करावीच लागते. त्यासाठी वर्षानुवर्षे चालत आलेली मुदत घटनेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी अशी आहे. ती वाढवण्याचा कायदा झाला आहे, पण तुमच्या तारखेला कोणती मुदत लागू आहे हे एकासकडून कळेपर्यंत जुनीच धरून चाला. कंपनीत तक्रार सुरू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. अंतर्गत उत्तराची वाट पाहण्यात तिसरा महिना उलटतो आणि दावा मुदतबाह्य होतो, हे सर्वांत जास्त घडतं. १ सप्टेंबरला नकार मिळाला असेल तर कॅलेंडरवर ३० नोव्हेंबर लाल करून ठेवा आणि एकासचा फोन त्याच्या कितीतरी आधी करा.

पुढच्या वर्षाची नोंदही आत्ताच करता येईल. २०२७ ची गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी आहे. ऑफिसवाल्यांना रजा लागणार नाही, पण दुकानं, हॉस्पिटलं आणि गोदामांतल्या मंडळींना तोच वार अवघड जाईल. लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला, शुक्रवारी येतं, आणि इंग्लंडमध्ये बऱ्याच शाळांची अर्धसत्राची सुट्टी त्याच सुमारास असते. त्या आठवड्यात लहान मुलांचे सगळेच आईबाप रजा मागतील. तुमचा अर्ज त्यांच्या आधी गेलेला असू द्या.